हिन्सबर्ग टेस्ट: अमाइन सेकंडरी की टर्शरी?

प्रश्न: बेंझीनसल्फोनिल क्लोराइड टाकल्यावर सेकंडरी आणि टर्शरी अमाइन दोन्ही अल्कलीत विरघळत नाहीत, मग ओळखायचं कसं?

उत्तर: शेवटी ॲसिड टाकून बघायचं, बरेच जण अल्कलीपाशीच थांबतात आणि फसतात. प्रायमरी अमाइन म्हणून ॲनिलीन घेतलं तर बनलेल्या सल्फोनामाइडच्या नायट्रोजनवर एक हायड्रोजन उरतो, तो ॲसिडिक असतो म्हणून KOH मध्ये सॉल्ट होऊन सगळं विरघळतं आणि HCl टाकलं की पांढरा साका येतो. सेकंडरी असलेल्या एन-मिथाइलॲनिलीनमध्ये तो हायड्रोजनच उरत नाही, त्यामुळे घन पदार्थ अल्कलीतही तसाच आणि ॲसिडमध्येही तसाच. टर्शरी असलेल्या एन,एन-डायमिथाइलॲनिलीनचं सल्फोनामाइड बनतच नाही, तेल तरंगत राहतं पण HCl मध्ये विरघळतं. फक्त रिएजंट पूर्ण संपेपर्यंत नीट हलवा, नाहीतर उरलेल्या बेंझीनसल्फोनिल क्लोराइडचं तेल बघून टर्शरी समजाल.