लाइट गेली-आली की काही साइट्स का रखडतात?

प्रश्न: लाइट जाऊन आली की डेस्कटॉपवर काही साइट्स अडखळत उघडतात आणि `wget` तर दोन-दोन मिनिटं गप्प बसतो, मग एकदम फाइल उतरवायला लागतो. `wget -4` दिलं की लगेच चालतो. डेस्कटॉप आणि स्विच यूपीएसवर आहेत, राउटर नाही.

उत्तर: घोळ बहुतेक तुमच्या यूपीएसच्या मांडणीतच आहे. राउटर बंद होऊन परत लागला की प्रोव्हायडर त्याला आयपीव्ही६ चा नवा प्रिफिक्स, म्हणजे घरातल्या पत्त्यांचा सुरुवातीचा सामाईक भाग, देतो. जुना प्रिफिक्स राउटरच्या आठवणीतून पुसलेला असतो, म्हणून ‘तो आता वापरू नका’ हे तो कुणाला सांगतच नाही. डेस्कटॉपची केबल स्विचला, आणि स्विच चालूच. त्यामुळे लिंक तुटत नाही आणि जुना पत्ता मशीनवर तसाच राहतो. हे बघा:

```
ip -6 addr show scope global
```

वेगवेगळ्या प्रिफिक्सचे दोन पत्ते दिसले आणि दोन्हींचा `preferred_lft`, म्हणजे पत्ता नव्या कनेक्शनसाठी वापरत राहायची मुदत, लाखांत असला, तर निदान जवळजवळ पक्कं. आयपीव्ही६ च्या मूळ मानकात ही मुदत 604800 सेकंद, म्हणजे 7 दिवस आहे, आणि पुष्कळ राउटर तीच वापरतात. खात्रीसाठी दोन्ही पत्त्यांवरून पिंग करा:

```
ping -6 -I <पत्ता> www.wikipedia.org
```

जुन्यावरून उत्तर येणार नाही, कारण परतीचं पॅकेट आता तुमच्या घराकडे वळतच नाही.

मग फक्त काही साइट्सच का रखडतात? दोन पत्ते असले की मशीन समोरच्या पत्त्याशी सुरुवातीचे जास्त बिट जुळणारा पत्ता निवडतं. म्हणजे साइट बदलली की निवडही बदलू शकते. जुना निवडला गेला की `wget` तिथेच वाट बघतो आणि लिनक्सची सुमारे दोन मिनिटांची मुदत संपल्यावरच आयपीव्ही४ कडे वळतो. ब्राउझर मात्र पाव सेकंदभर थांबून आयपीव्ही४ चं कनेक्शनही सुरू करतो, म्हणून तिथे नुसतं अडखळल्यासारखं वाटतं.

आत्तापुरतं केबल काढून परत लावा, किंवा जुना पत्ता हाताने काढा:

```
sudo ip -6 addr del <जुना पत्ता>/64 dev <इंटरफेस>
```

कायमचा इलाज राउटरमध्ये. राउटर अ‍ॅडव्हर्टाइजमेंटच्या सेटिंगमध्ये प्रेफर्ड लाइफटाइम 2700 आणि व्हॅलिड लाइफटाइम 5400 ठेवा. 2021 च्या RFC 9096 मध्ये घरच्या राउटरसाठी हेच आकडे सुचवले आहेत. मग जुना पत्ता फार तर पाऊण तासात मागे पडतो. राउटरमध्ये ही सोय नसेल तर राउटरलाही यूपीएसवर घ्या, किंवा प्रोव्हायडरकडे कायमचा प्रिफिक्स मागा.

आयपीव्ही६ बंद करून टाकायचा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल, तो कृपया ऐकू नका. तुमचं कनेक्शन सीजी-नॅटमागे असेल, म्हणजे प्रोव्हायडरने एकच आयपीव्ही४ पत्ता अनेक घरांत वाटलेला असेल, तर बाहेरून घरच्या मशीनवर थेट पोचायचा तेवढाच रस्ता उरतो.