गटप्रमुखाचे पत्र आणि एकच तारीख

"मॅडम, सांख्यिकीच्या लघुप्रकल्पाची मी गटप्रमुख आहे. कामे वाटून, तारीख घालून सर्वांना पत्र दिले, तरी कोणीच वेळेवर काही देत नाही आणि मी बोलले की वाईट ठरते. मला गट सांभाळताच येत नाही का?"

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या या मुलीच्या स्वभावाविषयी काही विचारण्याआधी मी ते पत्रच मागून घेतले. प्रकल्प साठ शेतकऱ्यांच्या मुलाखतींवर होता आणि ठिबकवरील व कोरडवाहू कपाशीच्या सरासरी उताऱ्यात फरक आहे का, हे त्यांना तपासायचे होते. पत्रात तिच्यासह चौघांची नावे होती, त्यांच्यापुढे 'नोंदी', 'आलेख', 'टी-चाचणी' आणि 'अहवाल' एवढेच शब्द होते आणि सर्वांना 15 तारीख दिलेली होती. नोंदीच 15 तारखेला येणार असतील, तर चाचणी करणाऱ्याने तोपर्यंत काय करायचे, असे मी विचारले तेव्हा ती गप्प झाली.

पूर्वी मी गणित शिकवत असे, म्हणून कच्चे फॉर्मही चाळले. काही शेतकऱ्यांचा उतारा एकरी लिहिला होता, तर काहींचा हेक्टरी. एक हेक्टर म्हणजे सुमारे 2.47 एकर, त्यामुळे एकरी 8 क्विंटलचा उतारा फाईलमध्ये जवळजवळ 20 दिसत होता. आलेखात दोन वेगळे उंचवटे आले होते आणि ते आलेख काढणाऱ्या मुलाच्या लक्षातही आले होते, पण नोंदी त्याच्या वाट्याला नसल्यामुळे तो काही बोलला नाही. माझ्या मते दोष त्या मुलाचा नव्हता, पत्राच्या मांडणीचा होता.

नवे पत्र तिने माझ्यासमोर बसून लिहिले. आता प्रत्येकाच्या नावापुढे त्याला काय, कोणाकडून मिळेल आणि तो काय, कोणाला देईल हे होते. 6 तारखेपर्यंत सर्व उतारे एकरी क्विंटलमध्ये एकाच फाईलमध्ये, 8 पर्यंत दुसऱ्या सदस्याने दहा फॉर्म फाईलशी ताडून पाहणे, 11 पर्यंत आलेख, 14 पर्यंत चाचणी आणि 18 पर्यंत अहवाल, असा क्रम ठरला. सादरीकरण 20 तारखेला होते. आलेखात संशयास्पद आकडा दिसल्यास तो अंदाजाने न वगळता मूळ फॉर्म पाहावा आणि फाईलमध्ये 11 नंतर बदल करू नये, हेही लिहिले. वेचणीमुळे दोघे आठवडाभर शेतात असणार होते, त्यांना पहिल्या टप्प्याऐवजी शेवटचे टप्पे दिले. (घरचे काम विचारल्याविना आमच्याकडे तारखा घालणे व्यर्थच असते.)

नोंदी तरीही एक दिवस उशिरा आल्या, पण या वेळी कोणाचे काम अडले आहे हे तिला ठाऊक होते, म्हणून रागावण्याऐवजी तिने चाचणीची तारीख एक दिवस पुढे सरकवली. चाचणीत फरक सार्थ, म्हणजे निव्वळ योगायोगाने पडला नसावा असे म्हणण्याइतका, न निघाल्यावर एकाने "चार कोरडवाहू शेतकरी काढून टाकू, मग जमेल," असे सुचवले. तिने वाद घातला नाही, पत्रातील 11 तारखेची ओळ दाखवली आणि अहवालात निष्कर्ष जसा आला तसाच लिहिला.