स्टॉक काउंट हिशोबाच्या पुस्तकाशी तंतोतंत जुळला, तर त्यात संशय घेण्यासारखं काय आहे?

माल काय आहे आणि तो मोजला कसा, यावर ते ठरतं. सीलबंद खोके असतील तर तंतोतंत जुळू शकतं. वजनावर मोजल्या जाणाऱ्या मालाचं तसं नसतं. सीएची आर्टिकलशिप करताना एका नटबोल्टच्या कारखान्यात मी हे पाहिलं.

31 मार्चचा काउंट होता. बोल्ट तिथे एकेक करून कोणी मोजत नाही. शंभर नगांचं वजन घ्यायचं, मग क्रेट काट्यावर ठेवायचा, रिकाम्या क्रेटचं वजन वजा करायचं आणि भागाकार करायचा. दुपारी शीट माझ्या हातात आल्या तेव्हा सगळ्या ओळींत फरकाचा रकाना शून्य. शिवाय कागद कोरे करकरीत. बोल्टला तेल असतं, मोजणाऱ्या पोरांचे हात काळे झालेले, आणि शीटवर एका बोटाचाही ठसा नाही, कुठे खाडाखोड नाही.

एम-8 बोल्टच्या ओळीत 12,347 नग लिहिले होते. शंभर नगांचं वजन 1.30 किलो, म्हणजे एक नग 13 ग्रॅम. काट्यावर मात्र वजन 50 ग्रॅमच्या टप्प्यानेच दिसायचं. 160.50 किलो आलं तर भागाकार 12,346 येतो, आणि पुढचं वजन 160.55, त्याचे थेट 12,350. त्या काट्यावर 12,347 हा आकडा निघूच शकत नव्हता. तो पुस्तकातूनच आला होता.

मी सिनियरना हिशोब दाखवला. ते म्हणाले, "स्टोअरच्या काकांना बोलाव, आपल्यासमोर परत वजन करू." निव्वळ वजन 142.35 किलो भरलं, म्हणजे 10,950 नग. 1,397 कमी.

काकांनी लपवाछपवी केली नाही. प्लेटिंगहून परत आलेला काही माल नापास झाला होता, तो भंगारात गेला, पण पुस्तकात नोंद झालीच नाही. काउंट शीटवर पुस्तकी नग आधीच छापलेले होते, त्यामुळे घाईत पोरांनी तेच शेजारी उतरवले. माझ्या मते खरा दोष त्या छापील रकान्याचा. मोजणाऱ्याला पुस्तकातला आकडा दिसताच कामा नये.

मग पुस्तकी नग नसलेल्या कोऱ्या शीट काढून वजनावरचा सगळा माल पुन्हा मोजला. काही क्रेट आधी शीटवरून शोधून तपासले, काही जमिनीवरचे उचलून शीटवर आहेत का ते पाहिलं, कारण पहिल्या पद्धतीत कमी असलेला माल सापडतो आणि दुसरीत शीटवरून सुटलेला. या खेपेला बहुतेक ओळींत थोडाफार फरक आला, काही ठिकाणी माल जास्तही निघाला. मोठी तूट फक्त प्लेटिंगच्या मालात होती. तेवढी रक्कम स्टॉकमधून कमी केली, आणि बँकेला दिलेलं मार्चचं स्टॉक स्टेटमेंटही कंपनीला दुरुस्त करून पाठवावं लागलं, कारण कॅश क्रेडिटमधून किती पैसे उचलता येतील, हे त्याच आकड्यावर ठरत होतं.