उठून दिसणे आणि शोधून सापडणे: रेघ कुठे ओढायची?

प्रश्न: मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकाच्या वहीत ‘पॉप-आऊट’साठी मी ‘उठून दिसणे’ असं लिहिलं. मॅडमनी शेरा मारला, ‘६०० मिलीसेकंदात सापडलं म्हणजे उठून दिसलं, हे कशावरून?’ आमच्या नंदुरबारला पथारीवर लाल मिरच्यांत एखादी हिरवी राहिली तर ती उठून दिसते असंच म्हणतात. मग ‘उठून दिसणे’ आणि ‘शोधून सापडणे’ यांत फरक कशावर करायचा? की दुसरा शब्द घ्यावा, ‘डोळ्यात भरणे’ वगैरे?

उत्तर: शब्द तुमचाच ठेवा. ‘डोळ्यात भरणे’त पसंती येते आणि ‘नजरेस पडणे’त योगायोग, प्रयोगात दोन्ही नकोत. ‘उठून दिसणे’ला आजूबाजूच्या गर्दीची पार्श्वभूमी लागते आणि प्रयोगही नेमका गर्दीवरच उभा आहे. मॅडमचा शेरा मात्र रास्त आहे. एकट्या ६०० या आकड्यावरून काहीच ठरत नाही. गर्दी वाढवली की वेळ किती वाढतो, यावर ठरतं.

पथारीवरच राहू. पडद्यावर मिरच्यांची साधी चित्रं आहेत आणि शोधायची आहे एक लाल, उभी मिरची. पहिल्या प्रकारात बाकीच्या सगळ्या हिरव्या. दुसऱ्या प्रकारात बाकीच्यांपैकी निम्म्या लाल पण आडव्या, निम्म्या उभ्या पण हिरव्या. शोधायची मिरची दोन्हीकडे तीच, फक्त सोबत बदलली. पडद्यावर एकूण मिरच्या कधी ५, कधी १०, कधी २०. निम्म्या वेळा लाल उभी मिरची असते, निम्म्या वेळा नसते. माणसाने ‘आहे’ किंवा ‘नाही’ची कळ दाबायची.

हिशोब सोपा जावा म्हणून गोल आकडे धरतो. पहिल्या प्रकारात ‘आहे’ म्हणायला ५, १० आणि २० मिरच्यांना अनुक्रमे ५००, ५०५ आणि ५१२ मिलीसेकंद लागले. दुसऱ्या प्रकारात ६१०, ७३५ आणि ९८५. आडव्या अक्षावर मिरच्यांची संख्या, उभ्या अक्षावर प्रतिक्रिया काळ घ्या आणि बिंदूंमधून रेषा ओढा. दहावीच्या भूमितीत शिकलेला रेषेचा चढ इथे कामाला येतो. पहिल्या रेषेचा चढ मिरचीमागे ०.८ मिलीसेकंद, म्हणजे रेषा जवळजवळ सपाट. दुसरीचा चढ मिरचीमागे २५. पहिल्या प्रकारात मिरची उठून दिसली, दुसऱ्यात शोधावी लागली.

आता ६०० चं बघा. हात सावकाश चालणारे एखादे आजोबा पहिल्या प्रकारात ७००, ७०४, ७०९ देतील. दुसऱ्या प्रकारात पाच मिरच्यांना लागलेल्या ६१० पेक्षा हे सगळे आकडे मोठे आहेत. तरी त्यांच्या रेषेचा चढ एक मिलीसेकंदही नाही. त्यांनाही मिरची उठूनच दिसली. चित्र डोळ्यात शिरायला, निर्णय घ्यायला आणि बोट कळीवर दाबायला लागणारा वेळ रेषेला वर उचलतो, तिरकी करत नाही. रेषा उभ्या अक्षाला छेदते त्या उंचीत तो वेळ जमा होतो. म्हणून ‘किती लवकर सापडलं’ हा प्रश्न उंचीचा आणि ‘उठून दिसलं का’ हा चढाचा. वहीत या दोन्हींची सरमिसळ झाली आहे.

असं का होतं, याचं उत्तर ॲन ट्रीझमन आणि गॅरी गेलेड यांनी १९८० मध्ये मांडलं. त्याला फीचर इंटिग्रेशन थिअरी म्हणतात. मराठीत गुणांच्या सांधणीचा सिद्धांत म्हणता येईल. त्यांचं म्हणणं असं: नजर पडताच रंग, दिशा असे सुटे गुण सगळ्या दृश्यभर एकाच वेळी टिपले जातात, पण प्रत्येक गुण आपापल्या वेगळ्या नकाशावर. पहिल्या प्रकारात लालचा नकाशा एकाच ठिकाणी जागा होतो. ‘आहे’ म्हणायला तेवढं पुरे. भोवती हिरव्या चार असोत की एकोणीस, लालच्या नकाशावर त्यांची दखलच नाही. म्हणून रेषा सपाट.

दुसऱ्या प्रकारात वीस मिरच्या असतील तर लालच्या नकाशावर दहा-एक ठिकाणं जागी, उभ्याच्या नकाशावरही तितकीच. ‘लाल आणि उभी’ असा नकाशाच नाही. कोणता लाल रंग कोणत्या उभ्या रेघेचा, हे सांधायला लक्ष एकेका जागेवर न्यावं लागतं. मिरची सापडली की शोध थांबतो. वीस मिरच्यांत सरासरी साडेदहा बघून ती हाती लागते. नसेल तर विसाच्या वीस बघून मगच ‘नाही’. म्हणून ‘नाही’च्या रेषेचा चढ ‘आहे’च्या साधारण दुप्पट यायला हवा. आपल्या उदाहरणात ‘नाही’चे काळ ७४०, ९९० आणि १४९० धरले तर चढ ५० येतो, २५ च्या बरोबर दुप्पट. म्हणजे एका मिरचीची तपासणी ५० मिलीसेकंदांची. २५ ही तपासणीची वेळ नव्हे. निम्म्याच मिरच्या बघाव्या लागल्या म्हणून तो आकडा निम्मा दिसतो. वहीत ही चूक फार जण करतात.

ट्रीझमन-गेलेड यांच्या पहिल्या प्रयोगात हिरवा T शोधायचा होता, हिरव्या X आणि तपकिरी T यांच्या गर्दीत. चढ ‘आहे’ला सुमारे २९ आणि ‘नाही’ला सुमारे ६७ आला. एकाच गुणावरच्या शोधात ‘आहे’चा चढ सुमारे ३ होता, पण ‘नाही’चा सुमारे २५. हा शेवटचा आकडा ध्यानात ठेवा. काहीच उठून दिसलं नाही तर माणूस खात्रीसाठी पुन्हा नजर फिरवतो. त्यामुळे ‘उठून दिसलं का’ हे ‘आहे’च्या रेषेवरून ठरवावं. तुमच्या पहिल्या प्रकारात ‘नाही’ची रेषा थोडी चढली तर प्रयोग बिघडला असं समजू नका.

प्रयोग पुन्हा करणार असाल तर दोन्ही प्रकार वेगळ्या फेऱ्यांत घ्या आणि प्रत्येक फेरीत ५, १०, २० ची सरमिसळ ठेवा. दर संख्येला ‘आहे’चे ४० आणि ‘नाही’चे ४० प्रयत्न धरले तर एकूण ४८० होतात, मध्ये विश्रांती द्या. डोळे पडद्यापासून ५७ सेंटिमीटरवर असले तर पडद्यावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ एक अंश, त्यामुळे मापं सोपी जातात. बरोबर उत्तरांचेच काळ घ्या, २०० मिलीसेकंदांखालचे गाळा आणि सरासरीऐवजी मध्यक वापरा, कारण एखादी जांभई सरासरीला ओढून नेते. स्प्रेडशीटमध्ये A रकान्यात संख्या आणि B मध्ये काळ असतील तर:

```
=SLOPE(B2:B4, A2:A4)
=INTERCEPT(B2:B4, A2:A4)
```

घोटाळा बहुतेक वेळा चित्रातच होतो. मिरचीला हिरवा देठ काढायचा मोह आवरा. लाल मिरचीला हिरवा देठ दिला की पथारीभर हिरवा रंग पसरला आणि तुमच्या ‘लालमध्ये हिरवी’चं वेगळेपण गढूळ झालं. बिनदेठाच्याच काढा. दुसरं, दुसऱ्या प्रकारात लाल आडव्या आणि हिरव्या उभ्या खरोखर निम्म्या-निम्म्या हव्यात. वीसात तीनच लाल ठेवल्या तर माणूस हिरव्यांकडे बघतच नाही, तेवढ्या तीन तपासतो आणि चढ उगाच कमी येतो. तिसरं, लाल-हिरवा भेद न दिसणारा मुलगा प्रयोगाला बसला तर त्याची पहिली रेषाही चढेल. आधी इशिहाराच्या ठिपक्यांच्या पाट्या दाखवून घ्या. आणि वीस मिरच्या एकमेकींना खेटल्या तर नुसत्या दाटीमुळे ओळखणं अवघड होतं. ठरावीक चौकटींची जाळी घ्या आणि दोन चित्रांत मोकळी जागा राहील असं बघा.

चुकांचा तक्ता चढाशेजारीच मांडा. समजा ‘असूनही नाही म्हटलं’ अशा चुका ५ मिरच्यांना शंभरात २, पण २० मिरच्यांना शंभरात १२ आहेत. म्हणजे मोठ्या गर्दीत माणूस शोध अर्धवट टाकतोय. जे प्रयत्न सर्वांत लांबले असते तेच चुकीत गेले, म्हणून २० चा काळ खरा असायला हवा त्याहून कमी दिसतो आणि रेषा खोटी सपाट होते. अशी रेषा बघून ‘उठून दिसली’ लिहू नये.

देठाचा एक उपयोगही सांगतो. रंग एकच ठेवा. देठ खुडलेल्या मिरच्यांत एक देठाची, आणि उलट, देठाच्या मिरच्यांत एक खुडलेली, असे दोन शोध करून बघा. पहिल्यात चढ कमी आणि दुसऱ्यात जास्त येईल अशी अपेक्षा धरायला हरकत नाही. ट्रीझमन आणि साउदर यांनी १९८५ मध्ये शेपटीच्या आणि बिनशेपटीच्या वर्तुळांवर हेच दाखवलं. जास्तीचा गुण आपल्या नकाशावर उमटतो, गुण नसणं कुठेच उमटत नाही. म्हणजे ‘देठाची मिरची उठून दिसते’ हे वाक्य अर्धवट आहे. कशात उठून दिसते, हे सांगितल्याशिवाय ते खरंही नाही आणि खोटंही नाही.

रेघेचा आकडा हवाच असेल तर पुष्कळ जण मिरचीमागे १० मिलीसेकंद धरतात. तो संकेत आहे, निसर्गाने आखलेली सीमा नव्हे. जेरेमी वुल्फ यांनी १९९८ मध्ये सुमारे दहा लाख प्रयत्नांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा चढांचे दोन वेगळे ढीग दिसले नाहीत. सपाटपासून तीव्रपर्यंत सलग पट्टा दिसला. रंग भडक आणि दिशा स्पष्ट असतील तर तुमच्या लाल-उभीचाही चढ १० च्या आत येऊ शकतो. वुल्फ आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये याचा खुलासा दिला: लालच्या आणि उभ्याच्या नकाशांतली माहिती लक्षाला वाट दाखवते, ते आंधळेपणाने एकेक जागा चाचपत नाही. आणि चढ आला म्हणजे एकेक तपासणीच झाली, हेही सिद्ध होत नाही. सगळ्या मिरच्या एकदम तपासल्या, पण ताकद वाटली गेल्याने प्रत्येक हळू झाली, तरी तशीच तिरकी रेषा येते. जेम्स टाउनसेंड यांनी हे गणिताने दाखवलं आहे.

म्हणून वहीत ‘६०० मिलीसेकंदात उठून दिसली’ खोडा आणि असं लिहा: ‘हिरव्या मिरच्यांत लाल मिरची उठून दिसली (‘आहे’चा चढ मिरचीमागे ०.८ मिलीसेकंद, चुका सर्व संख्यांना सारख्या), लाल आडव्या व हिरव्या उभ्या मिरच्यांत तीच मिरची शोधावी लागली (‘आहे’ २५, ‘नाही’ ५०).’ आकडे अर्थातच तुमचे घाला. चढ ८ ते १२ च्या मध्ये लोंबकळला तर दोन्हींपैकी एकही शब्द न वापरता नुसता चढ द्या.