जपानी क्लायंट 20% टॅक्स कापतोय, कराराचा कमी रेट लावायला कसं सांगू?

प्रश्न: "मी धुळ्याहून जपानी कंपनीला सॉफ्टवेअरचं काम करून देतो, फीमधून 20.42% कापतात. करारात 10% आहे म्हणे, मेलमध्ये काय लिहू?"

भाऊ, नुसतं "10% कापा" लिहून काही होत नाही, त्यांनाही त्यांच्या टॅक्स ऑफिसात कागद दाखवावा लागतो. मेलमध्ये भारत-जपान कराराच्या कलम 12 चा उल्लेख कर, ट्रीटी अर्जाचा फॉर्म 3 भरून सही करून जोड आणि सांग की पेमेंटच्या आधी हा तुमच्या टॅक्स ऑफिसात जमा करा. सोबत आपलं रेसिडेन्सी सर्टिफिकेट. ते आपल्या असेसिंग ऑफिसरकडून मिळतं, मी जळगावला फॉर्म 10FA भरून घेतलं होतं, ते एका ठराविक काळापुरतंच असतं म्हणून पेमेंटची तारीख त्यात बसते का ते बघ.

माझं अडलं ते नावावर. इन्व्हॉइस दुकानाच्या नावाने अन सर्टिफिकेटवर पॅनवालं माझं नाव, त्यांच्या अकाउंटंटने सगळं परत पाठवलं, मग इन्व्हॉइसवर दोन्ही नावं टाकली तेव्हा गाडी पुढे सरकली.

5 लाख येनच्या बिलावर 1,02,100 ऐवजी 50,000 कापले जातात. आणि जास्तीचे 52,100 इथे रिटर्नमध्ये वळते करू म्हणशील तर नाही होत, क्रेडिट कराराच्या रेटपुरतंच मिळतं. आधी कापलेले परत हवे असतील तर फॉर्म 11 चा रिफंड अर्ज, तोही क्लायंटमार्फतच जातो.