प्रस्तावना खालून वर लिही

"मॅडम, नमस्कार. मी एम.एस्सी. पर्यावरणशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे, ऐरोलीला राहते. डिझर्टेशनचा विषय ठाणे खाडीच्या पूर्व काठावरच्या कांदळवनात अडकलेलं प्लास्टिक असा आहे. ऐरोली, घणसोली आणि वाशी इथे, जमिनीकडच्या आणि खाडीकडच्या कडेला, मे आणि ऑक्टोबरमध्ये एक मीटर बाय एक मीटरचे क्वाड्रॅट टाकून कचरा मोजला. एकूण 60 क्वाड्रॅट झाले. प्रस्तावना 11 पानांची झाली, पण गाइडनी 'फनेल नाही, गॅप दिसत नाही' एवढंच लिहून परत दिली. फनेलची आकृती मला माहीत आहे. माझ्या मजकुराचं काय करायचं तेच कळत नाही. प्रस्तावना सोबत जोडली आहे."
– एक विद्यार्थिनी, ऐरोली

तुझी अकराही पानं वाचली. माहिती चांगली गोळा केली आहेस, अडचण रचनेत आहे. सुरुवात 1907 च्या बेकलाइटपासून होते, मग जगभरातले समुद्र येतात, मग महाराष्ट्रातली 2018 ची प्लास्टिकबंदी, मग फ्लेमिंगो, मग कांदळवनातल्या झाडांवर चार पानं, आणि शेवटच्या पानाच्या तळाशी एकदम पाच उद्दिष्टं. एक विषय संपतो आणि त्याच्या शेजारचा दुसरा सुरू होतो. फनेल म्हणजे रुंद विषयाकडून अरुंद प्रश्नाकडे जाणारी रचना. तिच्यात प्रत्येक परिच्छेद आधीच्या परिच्छेदातला एकच धागा उचलतो आणि बाकीचे तिथेच सोडतो. जॉन स्वेल्स यांनी 1990 मध्ये शोधलेखनाच्या प्रस्तावनेचे हेच तीन टप्पे मांडले: आधी क्षेत्र दाखवायचं, मग त्यातली रिकामी जागा म्हणजे गॅप, आणि मग ती जागा आपण कशी भरतो ते. तुझ्या मजकुरात पहिला टप्पा दहा पानं चालतो आणि दुसरा येतच नाही.

वाचणारा वरून खाली वाचतो, पण तू खालून वर लिही. तुझं मोजमाप पूर्ण झालं आहे. त्या 60 क्वाड्रॅटमधून काय सांगता येईल ते आता ठरलेलं आहे, म्हणून फनेलचं अरुंद तोंडही ठरलेलं आहे. वरचा भाग त्याच्या मापाने कापायचा.

म्हणून आधी उद्दिष्टं घे. तुझी पाच अशी आहेत: खाडीतल्या प्लास्टिक प्रदूषणाचा अभ्यास करणे, कांदळवनातला कचरा मोजणे, ठिकाणांची तुलना करणे, फ्लेमिंगोंवरील परिणाम पाहणे आणि उपाय सुचवून जनजागृती करणे. पहिलं उद्दिष्ट नव्हेच, तो विषय आहे. चौथ्यासाठी तुझ्याकडे एकही नोंद नाही. तू पक्षी मोजलेले नाहीस आणि त्यांच्या खाद्याचे नमुनेही घेतलेले नाहीत. एक्स्टर्नल नेमकं तिथेच बोट ठेवतील. पाचवं शेवटच्या प्रकरणातल्या शिफारशींत जाईल. शिवाय तू दोन कडा आणि दोन महिने घेतलेस, ती तुझ्या कामातली सगळ्यात विचारपूर्वक केलेली गोष्ट, आणि उद्दिष्टांत तिचा उल्लेखच नाही!

तुझं डिझर्टेशन इंग्रजीत आहे, पण रचना दिसावी म्हणून इथे मराठीत लिहिते. मुख्य हेतू एका वाक्यात: "ठाणे खाडीच्या पूर्व काठावरील तीन ठिकाणच्या कांदळवनात जमिनीवर अडकलेल्या प्लास्टिकचे प्रमाण कडेनुसार आणि पावसाळ्याआधी व नंतर कसे बदलते हे तपासणे." त्याखाली तीन उद्दिष्टं: दर चौरस मीटरमागे प्लास्टिकच्या वस्तूंची संख्या मोजणे, जमिनीकडच्या आणि खाडीकडच्या कडेची तुलना करणे, मे आणि ऑक्टोबरच्या नोंदींची तुलना करणे. "अभ्यास करणे", "समजून घेणे" ही क्रियापदं टाळ, कारण ती पूर्ण झाली की नाही हे कोणालाच सांगता येत नाही. मोजणे, तुलना करणे, वर्गीकरण करणे ही तपासता येतात. आणि शब्द जपून वापर. "पावसाळ्याआधी व नंतर" असं लिही, "पावसाळ्यामुळे" असं नको. एकाच वर्षातले दोन महिने घेतलेस, त्यामुळे फरक दिसला तरी तो पावसानेच पडला असं तुझी आकडेवारी म्हणू शकत नाही.

आता गॅप. इथे जरा थांबते, कारण गाइडचा शेरा यावरच आहे. दहाव्या पानावर तू लिहिलं आहेस, "या विषयावर फारसे काम झालेले नाही." हे वाक्य कुठल्याही डिझर्टेशनमध्ये चालेल, म्हणून त्यातून काहीच कळत नाही. काम झालं नसेल तर ते करण्याची गरज नव्हती असंही कोणी म्हणेल. "नवी मुंबईत असा अभ्यास झालेला नाही" हेही अपुरं. त्यावर "मग नवी मुंबईच का?" हा प्रश्न येणारच.

गॅप म्हणजे असा प्रश्न, ज्याची दोन उत्तरं सारखीच पटण्याजोगी आहेत आणि मोजल्याशिवाय निवड करता येत नाही. तो प्रश्न तुझ्या सहाव्या पानावर आहे, फक्त तुझ्या लक्षात आलेला नाही. तू लिहितेस की तिवराची श्वसनमुळं चिखलातून पेन्सिलींसारखी उभी वर येतात, त्यांत पिशव्या अडकतात आणि ओहोटीच्या पाण्याबरोबर परत जात नाहीत. दोन ओळींनी खाली लिहितेस की पावसाळ्यात नाले शहरातला कचरा खाडीत आणतात. आता दोन्ही वाक्यं शेजारी ठेव. पाऊस नाल्यांतून नवा कचरा आणतो, त्यामुळे ऑक्टोबरमध्ये प्लास्टिक वाढलेलं असायला हवं. पण तोच वाढलेला प्रवाह अडकलेला कचरा उपसून खाडीत नेऊ शकतो, मग ते कमी दिसेल. कडांचंही तसंच आहे. कचरा मुख्यतः वस्तीकडून येत असेल तर जमिनीकडची कड जास्त भरलेली हवी, आणि भरतीबरोबर येत असेल तर खाडीकडची. कडा आणि महिने तू का निवडलेस याचं उत्तर इथे आहे. हेच वाचकाला सांगायचं राहिलं आहे.

हा प्रश्न खरंच मोकळा आहे का, हे मात्र वाचूनच ठरव. एक तक्ता कर. प्रत्येक शोधनिबंधाला एक ओळ आणि पाच रकाने: ठिकाण, अधिवास (समुद्रकिनारा की कांदळवन), प्लास्टिकचा आकार (डोळ्यांना दिसणारं की सूक्ष्म), कड नोंदली आहे का, ऋतू नोंदला आहे का. तुझ्या संदर्भांतले 15-20 थेट जवळचे लेख पुरतील. तक्ता भरल्यावर कुठले रकाने सगळीकडे भरलेले आहेत आणि कुठले रिकामे, ते आपोआप दिसेल. समजा कड आणि ऋतू दोन्ही नोंदवणारा लेख त्यात मिळाला नाही, तर गॅपचं वाक्य असं होईल: "तपासलेल्या अभ्यासांत कड आणि ऋतू एकत्र नोंदलेले नाहीत, त्यामुळे या भागातील कांदळवनात प्लास्टिक वस्तीकडून साचते की भरतीतून, आणि पावसाळ्यानंतर ते वाढते की घटते, हे सांगता येत नाही." पहिला भाग काय नाही ते सांगतो, दुसरा त्यामुळे काय अडतं ते सांगतो. दुसऱ्या भागाशिवाय पहिल्याला वजन नाही. तसा लेख सापडलाच तर घाबरू नकोस. त्याचं ठिकाण आणि तुझं ठिकाण यांत फरक काय, तिथला निष्कर्ष इथे लागू होईल का, हा तुझा गॅप होईल.

"हा पहिलाच अभ्यास" असं कुठेही लिहू नकोस. शोधगंगावर प्रामुख्याने पीएच.डी.चे प्रबंध असतात. कॉलेजांतली एम.एस्सी.ची डिझर्टेशनं बहुतेक विभागाच्या कपाटातच राहतात, ती तुला शोधून सापडणार नाहीत. "गुगल स्कॉलर आणि शोधगंगावर अमुक तारखेपर्यंत शोधलेल्या साहित्यात आढळले नाही" असं लिही, म्हणजे कोणी खोडू शकणार नाही.

गॅप बसला की वरचं सोपं होतं. तुझ्या उद्दिष्टांतले शब्द चार: प्लास्टिक, कांदळवन, कड, ऋतू. वरच्या मजकुरात हे चारही एकेक करून यायला हवेत, आणि यांच्याकडे न नेणारं सगळं बाहेर. बेकलाइट गेला. बंदीही गेली. तो परिच्छेद चांगला आहे, पण प्रस्तावनेत बंदी आली की वाचक तिच्या परिणामाची वाट बघत राहतो, आणि तू बंदीआधीची मोजणी केलेली नाहीस. फ्लेमिंगोंना एक वाक्य पुरे: या खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य 2015 मध्ये जाहीर झालं आणि 2022 मध्ये ते आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आलं. जागा महत्त्वाची का, हे त्यातून कळतं आणि पक्ष्यांविषयी कसलंही वचन दिलं जात नाही. झाडांच्या चार पानांतून श्वसनमुळांचा परिच्छेद तेवढा ठेव.

सुरुवात किती रुंद करायची? तुझ्या विषयाच्या एकच पायरी वर. विषय कांदळवनातलं प्लास्टिक, तर सुरुवात किनारपट्टीवर साचणाऱ्या प्लास्टिकपासून, जगभरातल्या प्लास्टिकपासून नको. पहिला परिच्छेद एखाद्या पॅकेजिंगवरच्या डिझर्टेशनमध्ये जसाच्या तसा बसत असेल तर तो फारच रुंद आहे. पुढचा क्रम असा लागेल: किनाऱ्यावरचं प्लास्टिक, त्यातून कांदळवन वेगळं का (मुळांत अडकणं), कचरा तिथे कुठल्या दोन वाटांनी येतो (म्हणजे कड), पावसाळा त्यात काय करू शकतो (ऋतू), मग तुझी खाडी, मग गॅप, मग उद्दिष्टं. संदर्भ याच क्रमात वाटून दे. एका लेखाला एक परिच्छेद देत गेलीस की प्रस्तावना पुन्हा यादी होते.

लांबी विभागाच्या नियमाप्रमाणे ठेव. नियम नसेल तर 60 पानांच्या डिझर्टेशनला 5-6 पानं पुरतात: सुरुवातीला एक पान, अरुंद होत जाण्याला तीन, गॅप आणि उद्दिष्टांना मिळून एक ते दीड. साहित्याच्या आढाव्याचं वेगळं प्रकरण असेल तर लेखांचा तपशील तिकडे हलव, इथे प्रत्येक लेखाचं एक-दोन वाक्यांत काम भागेल.

लिहून झाल्यावर प्रिंट काढ आणि प्रत्येक परिच्छेदाचं फक्त पहिलं आणि शेवटचं वाक्य ओळीने वाच. शेवटच्या वाक्यातला मुख्य शब्द पुढच्या परिच्छेदाच्या पहिल्या वाक्यात नसेल तर सांधा तिथे तुटला आहे. मग गॅपचं वाक्य आणि तिन्ही उद्दिष्टं शेजारी ठेव. गॅपमध्ये "कड" आणि उद्दिष्टात "क्षेत्र" असं झालं असेल तर एकच शब्द कर. वेगळा शब्द दिसला की परीक्षक वेगळी गोष्ट समजतात.

आणि पूर्ण प्रकरण पुन्हा लिहिण्याआधी गॅपचा परिच्छेद, मुख्य हेतू आणि तीन उद्दिष्टं एका पानावर घेऊन गाइडना दाखव, सोबत तक्ताही ने. त्या पानावर त्यांचा होकार आला की मगच वरची पानं लिहायला घे.