हुबेहूब नाव आणि फसवं नाव: दावा कुठला?

प्रश्न: मी 2016 पासून 'निजरी' नावाने उशा विकतो. 2021 मध्ये अर्ज केला आणि क्लास 20 मध्ये नुसतं नाव रजिस्टर झालं. पाकीट, म्हणजे निळी पट्टी आणि कोपऱ्यातला चंद्र, रजिस्टर केलेलं नाही. आता एक जण 'निजरी' याच नावाने उशा विकतोय. त्याचं पाकीट वेगळं आहे, वर स्वतःच्या कंपनीचं नाव मोठ्या अक्षरात आहे आणि तो म्हणतो, मी 2019 पासून विकतोय. दुसऱ्याचं नाव 'निजारी', पण पट्टी आणि चंद्र माझ्यासारखेच. मित्र म्हणतो, पहिल्यावर इन्फ्रिंजमेंट, म्हणजे रजिस्टर मार्कच्या हक्कभंगाचा दावा, आणि दुसऱ्यावर पासिंग ऑफ, म्हणजे आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवल्याचा दावा. बरोबर आहे का?

उत्तर: पहिल्याबद्दल मित्र बरोबर आहे, दुसऱ्याबद्दल अर्धाच. हुबेहूब नक्कल केली की इन्फ्रिंजमेंट आणि मिळतंजुळतं नाव घेतलं की पासिंग ऑफ, अशी वाटणी कायद्यात कुठेही नाही. या दोन दाव्यांमधली रेघ नावं किती सारखी आहेत यावरून पडत नाही, रजिस्ट्रेशन आहे की नाही यावरून पडते. ट्रेडमार्क कायदा, 1999 च्या कलम 27 प्रमाणे रजिस्टर नसलेल्या मार्कसाठी इन्फ्रिंजमेंटचा दावा करता येत नाही, मात्र पासिंग ऑफचा हक्क शाबूत राहतो. मार्क रजिस्टर असेल तर कलम 29 लागतं, आणि त्यात हुबेहूब नावही येतं, फसवं साधर्म्य असलेलं नावही येतं. म्हणजे 'निजारी'वाल्यावरही इन्फ्रिंजमेंट होतंच.

मग हुबेहूब असण्याचा फायदा काय? तो पुराव्यात आहे. पहिल्या माणसाने तेच नाव त्याच मालाला लावलं आहे. अशा वेळी कलम 29(3) प्रमाणे कोर्टाने गोंधळाची शक्यता गृहीतच धरायची असते. गिऱ्हाईक फसलं असतं का, हे तुम्ही वेगळं सिद्ध करत बसायचं नाही. 'माझ्या कंपनीचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरात आहे, कोण फसणार?' हा बचाव तो करणारच. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने 1964 मध्येच, कविराज पंडित दुर्गादत्त शर्मा विरुद्ध नवरत्न फार्मास्युटिकल या निकालात, नेमका फरक सांगितला आहे. इन्फ्रिंजमेंटमध्ये मार्कचा गाभा उचलला असेल तर भोवतीचं पाकीट, रंग, जास्तीचा मजकूर यांनी सुटका होत नाही. पासिंग ऑफमध्ये मात्र त्याच जास्तीच्या मजकुरामुळे माल वेगळा ओळखू येत असेल तर प्रतिवादी सुटू शकतो. म्हणूनच पहिल्या माणसाविरुद्ध सगळा भर इन्फ्रिंजमेंटवर ठेवा. काही वकील सवयीने पासिंग ऑफही जोडतात. इथे त्याने दावा जाड होतो, जड होत नाही.

'निजारी'ची गोष्ट वेगळी. माल तोच, नाव हुबेहूब नाही, त्यामुळे ते गृहीतक तुम्हाला मिळणार नाही. गोंधळ होण्याची शक्यता तुम्हालाच दाखवावी लागेल. खरोखर कोणी फसलेलं दाखवायची सक्ती नाही, शक्यता पुरते. कोर्ट दोन्ही पाकिटं शेजारी ठेवून अक्षरं मोजत नाही. पूर्वी कधीतरी 'निजरी' घेतलेल्या, नाव अर्धवट आठवणाऱ्या साध्या गिऱ्हाइकाला 'निजारी' ऐकून काय वाटेल, हे ते बघतं. 'अमृतधारा' आणि 'लक्ष्मणधारा' ही नावं कागदावर किती वेगळी दिसतात! तरी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यात फसवं साधर्म्य मानलं. तुमच्या दोन नावांत तर फक्त एका कान्याचा फरक आहे.

याच माणसाविरुद्ध पासिंग ऑफ कामाचं आहे, पण नावापेक्षा पाकिटासाठी. पट्टी आणि चंद्र रजिस्टर नाहीत, त्यामुळे त्यांच्यासाठी दुसरा रस्ताच नाही. त्यात तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: हे पाकीट बघितलं की लोकांना तुमचा माल आठवतो, त्याने आपला माल तुमचा असल्याचा भास निर्माण केला, आणि त्यामुळे तुमचं नुकसान झालं किंवा होईल. त्याचा हेतू वाईट होता हे सिद्ध करायची गरज नाही. पहिली गोष्ट त्याने विक्री सुरू केली त्या दिवसापर्यंतची हवी, आजची नाही. म्हणून पाकिटाच्या छपाईची जुनी बिलं, जुन्या जाहिराती आणि वर्षवार विक्रीचे आकडे काढा. त्याची उशी कोणी तुमच्याकडे परत आणली असेल किंवा 'तुमच्या उशीचा कापूस गोळा झाला' अशी तक्रार त्याच्या पाकिटाच्या फोटोसह तुम्हाला पाठवली असेल, तर तो मेसेज जपून ठेवा. वीस पानी युक्तिवादापेक्षा असा एक मेसेज जास्त बोलतो.

आता खरी धास्ती. तुमचा रजिस्ट्रेशनचा अर्ज काढा आणि वापर कधीपासून, या रकान्यात काय लिहिलंय ते बघा. अर्ज भरताना पुराव्याचं शपथपत्र जोडायचा कंटाळा म्हणून एजंट सर्रास 'वापरण्याचा विचार आहे' एवढंच टाकून देतात. पहिला माणूस 2019 सांगतोय आणि तुमचा अर्ज 2021 चा, म्हणजे तो कलम 34 पुढे करणार. त्या कलमाने जुन्या वापरकर्त्याला संरक्षण आहे, आणि त्याच्यासमोर रजिस्ट्रेशनही चालत नाही. पण ते मिळण्यासाठी त्याचा वापर तुमचा वापर आणि तुमचं रजिस्ट्रेशन, यांतल्या जे आधीचं असेल त्याच्याही आधीचा आणि अखंड असावा लागतो. तुमचा 2016 सिद्ध झाला तर त्याचा 2019 निरुपयोगी आहे. अर्जात 'विचार आहे' असं असेल तर मात्र तो कागद तो तुमच्याच तोंडावर मारेल, आणि तुमची सगळी भिस्त जुन्या बिलांवर येईल. त्या बिलांवर 'निजरी' छापलंय ना? माझ्या एका पक्षकाराची सहा वर्षांची बिलं नीट फाइल केलेली होती. प्रत्येकावर 'उशी, 20 नग' एवढंच. ब्रँडचं नाव एकावरही नाही. विक्री सिद्ध झाली, मार्कचा वापर झाला नाही.

दावा कुठे लावायचा, यातही फरक पडतो. रजिस्टर मार्कच्या इन्फ्रिंजमेंटसाठी कलम 134 प्रमाणे तुम्ही जिथे राहता किंवा धंदा करता तिथल्या कोर्टात जाता येतं. पासिंग ऑफला ही सवलत नाही. तिथे प्रतिवादी राहतो किंवा धंदा करतो ते ठिकाण, किंवा त्याचा माल जिथे विकला गेला ते ठिकाण लागतं. त्यामुळे 'निजारी' तुमच्या भागात विकली जात नसेल तर दोन्ही दावे एकत्र तुमच्या कोर्टात आणताना अडचण येईल.

शिवाय ही दोन माणसं वेगळी, त्यांचा एकमेकांशी संबंध नाही, तेव्हा दावेही दोन वेगळे करा.

नोटीस पाठवण्याआधी दोघांचाही माल ओळखीच्या माणसाकडून तुमच्या भागात विकत घ्या, पक्क्या बिलावर. बिलात ब्रँडचं नाव लिहून घ्यायला सांगा आणि पाकीट न फोडता ठेवा. नोटीस गेल्यावर जुनं पाकीट बाजारातून गायब होतं आणि नवं येतं, मग कोर्टात दाखवायला हातात काही उरत नाही. हे याच महिन्यात करा. नक्कल माहीत असून तुम्ही वर्षभर गप्प बसलात असं दिसलं, तर तातडीची मनाई मागताना पहिला प्रश्न तोच येईल, आणि तातडी नाही असं ठरलं तर दाव्याआधी मध्यस्थीला जाणंही भाग पडेल.